वार्षिक प्लॅन आपोआप रिन्यू झाला: रिफंडचा मेल कसा लिहायचा

सकाळी बँकेचा एसएमएस येतो, ₹११,८०० कापले गेले. वर्षभरापूर्वी घेतलेलं आणि गेले काही महिने न उघडलेलं सॉफ्टवेअर पुढच्या वर्षासाठी रिन्यू झालेलं असतं. अशा वेळी पहिला विचार येतो तो कंपनीला खरमरीत मेल टाकायचा किंवा बँकेला फोन करून व्यवहारच अडवायचा. दोन्ही थोडं थांबवा. पैसे परत मिळतील की नाही हे मेलच्या सुरावर फारसं ठरत नाही. पैसे कापून किती दिवस झाले, त्यानंतर सॉफ्टवेअर वापरलं का, आणि चूक नेमकी कोणत्या प्रकारची होती, या तीन गोष्टींवर ते ठरतं. तुमचा मेल वाचणाऱ्या सपोर्टच्या माणसाच्या स्क्रीनवर या तिन्हींची नोंद बहुधा आधीच दिसत असते. ती नोंद आणि तुमचं लिहिणं जुळलं, तर त्याला ‘हो’ म्हणणं सोपं जातं.

मेल लिहिण्याआधीचा अर्धा तास

आधी सॉफ्टवेअर बंद करा. खिडकी मिटवून भागत नाही. बरीच डेस्कटॉप सॉफ्टवेअर संगणक सुरू होताच मागच्या मागे सुरू होतात आणि फाइली सिंक करत राहतात. ‘रिन्यू झाल्यापासून एकदाही वापरलं नाही’ असं तुम्ही लिहाल आणि कंपनीच्या नोंदीत रोज सकाळी दहाला लॉगिन दिसेल. म्हणून स्टार्टअपमधून ते काढा, फोनवरच्या ॲपमधूनही लॉगआउट करा.

मात्र त्याआधी एकदाच आत जाऊन तुमच्या फाइली उतरवून घ्या. रिफंड मंजूर झाला की प्रवेश बहुधा त्याच क्षणी बंद होतो, आणि महिनाभराने जुन्या फाइली मागायला गेलात तर कंपनी त्या देण्याला बांधील असेलच असं नाही. या एका लॉगिनचा उल्लेख मेलमध्ये सरळ करा. लपवलेलं लॉगिन संशय वाढवतं, सांगितलेलं लॉगिन कोणाला खटकत नाही.

मग खात्याच्या बिलिंग पानावर जाऊन पुढचं रिन्यूअल बंद करा. इथे दोन वेगळी बटणं असू शकतात. `Turn off auto-renewal` चा अर्थ वर्ष संपेपर्यंत प्लॅन चालेल, पुढचे पैसे कापले जाणार नाहीत. `Cancel immediately` किंवा त्या अर्थाचं बटण प्लॅन आत्ताच संपवतं, आणि काही कंपन्यांच्या अटींत तसं केल्यास उरलेल्या काळाचे पैसे मिळत नाहीत. घाईत दुसरं दाबू नका. पहिलं दाबा, त्यानंतर येणाऱ्या पानाचा तारीख-वेळेसह स्क्रीनशॉट घ्या. खातं मात्र डिलीट करू नका. खातं गेलं की सपोर्टला इनव्हॉइस शोधणं अवघड होतं, आणि तुम्ही खरे मालक आहात हे सिद्ध करायचं साधनही जातं.

यानंतर तुमच्या इनबॉक्समध्ये आणि एसएमएसमध्ये मागच्या दहा-बारा दिवसांचा शोध घ्या. रिझर्व्ह बँकेच्या ई-मँडेट नियमांनुसार कार्ड, वॉलेट किंवा यूपीआयवरून ठरावीक काळाने आपोआप पैसे कापायचे असतील, तर निदान २४ तास आधी तुमच्या बँकेने सूचना द्यायची असते. तीत व्यापाऱ्याचं नाव, रक्कम, तारीख असते आणि तो व्यवहार नाकारायची सोयही असते. ही सूचना प्रमोशनल मेसेजांच्या गर्दीत पडलेली असू शकते. ‘मला कसलीही सूचना मिळाली नाही’ हे वाक्य लिहायचं असेल तर हा शोध आधी पूर्ण करा. कंपनीनेही रिन्यूअलची आठवण करून देणारा मेल पाठवला असेल, तर तो कधी पाठवला, पोहोचला की परत आला, याची नोंद तिच्याकडे असते, आणि खोटं ठरलेलं एक वाक्य बाकीचा खरा मेलही बुडवतं.

ओटीपी न विचारता ₹११,८०० कसे गेले, हा प्रश्न अनेकांना पडतो. पहिल्या खरेदीच्या वेळी ओटीपी देऊन तुम्ही मँडेटला, म्हणजे पुढचे पैसे आपोआप कापायला, संमती दिलेली असते. जून २०२२ पासून ₹१५,००० पर्यंतच्या पुढच्या अशा व्यवहारांना पुन्हा ओटीपी लागत नाही. त्यामुळे ‘माझ्या परवानगीशिवाय पैसे काढले’ हा मुद्दा बहुतेक वेळा टिकत नाही. तो सोडून द्या.

मेल कोणाला पाठवायचा

हे ठरवायला बँकेच्या स्टेटमेंटमधलं नाव बघा. पैसे ॲपलच्या ॲप स्टोअरमधून गेले असतील, तर सॉफ्टवेअर कंपनी स्वतः रिफंड देऊ शकत नाही. मागणी `reportaproblem.apple.com` वर करावी लागते. गूगल प्लेमधून गेले असतील, तर पहिल्या ४८ तासांत गूगलकडेच मागणी करा. त्यानंतर गूगल सहसा ॲप बनवणाऱ्याकडे जायला सांगतं. तिसरी शक्यता फारशी कोणाच्या ध्यानात येत नाही: अनेक परदेशी छोट्या कंपन्या स्वतः विक्री न करता पॅडल किंवा फास्टस्प्रिंगसारख्या मधल्या विक्रेत्यामार्फत विकतात. मग स्टेटमेंटवर सॉफ्टवेअरचं नाव न दिसता त्या विक्रेत्याचं दिसतं, इनव्हॉइस त्याचंच असतं आणि रिफंडही तोच देतो. अशा वेळी मेल विक्रेत्याला पाठवा आणि सॉफ्टवेअर कंपनीला सीसीमध्ये ठेवा.

कंपनीकडून थेट घेतलं असेल तर बिलिंग सपोर्टचा पत्ता इनव्हॉइसवरून किंवा खात्यात लॉगिन करून घ्या. सर्च करून मिळालेला ‘कस्टमर केअर’ नंबर लावू नका. रिफंड मागणारी माणसं हे फसवणूक करणाऱ्यांचं ठरलेलं गिऱ्हाईक आहे. कोणी स्क्रीन शेअर करायचं ॲप टाकायला, यूपीआय पिन घालायला किंवा ओटीपी सांगायला लावलं, तर फोन तिथेच ठेवा. रिफंड घेण्यासाठी यातलं काहीच लागत नाही.

मेल खात्याशी जोडलेल्या पत्त्यावरूनच पाठवा. दुसऱ्या पत्त्यावरून गेला तर ‘नोंदणीकृत पत्त्यावरून पाठवा’ एवढंच उत्तर यायला एक-दोन दिवस जातात, आणि ते दिवस रिफंडच्या मुदतीतून वजा होतात.

चूक कोणत्या प्रकारची ते ओळखा

‘चुकून रिन्यू झालं’ या तीन शब्दांखाली तीन निरनिराळ्या गोष्टी असतात आणि प्रत्येकीचा मेल वेगळा.

पहिली, विसरलात. यात कंपनीची चूक नाही. मागणी धोरणाच्या आधारावर किंवा विनंती म्हणून करायची. सर्वाधिक प्रकरणं याच जातीची असतात, आणि मुदतीत असाल तर सर्वांत लवकर सुटणारीही हीच. इथे दोषारोप करून स्वतःची बाजू कमजोर करू नका.

दुसरी, रद्द केलं असं वाटलं, पण झालं नव्हतं. ॲप अनइन्स्टॉल करणं म्हणजे प्लॅन रद्द करणं नव्हे. रद्द करायच्या पानावर ‘थांबा, ५० टक्के सवलत घ्या’, ‘का सोडताय ते सांगा’ असे तीन-चार टप्पे असतात आणि शेवटच्या बटणापर्यंत न पोहोचता माणूस खिडकी बंद करतो. यूपीआय ऑटोपे किंवा बँकेतलं मँडेट काढलं तर पैसे कापणं थांबतं, प्लॅन मात्र कंपनीच्या नोंदीत चालूच राहतो. अशा वेळी तुम्ही केव्हा, काय केलंत ते तारखेसह लिहा. रद्द करायच्या पानाला दिलेली भेट कंपनीच्या लॉगमध्ये सापडू शकते. त्यांना ती शोधायला सांगा.

तिसरी, रद्द झाल्याचा मेल हातात आहे आणि तरी पैसे कापले. किंवा आधी कळवलेल्या रकमेपेक्षा जास्त कापले. ही कंपनीची चूक आहे. इथे विनंतीची भाषा नको, पुरावा जोडून थेट मागणी करा.

एक प्रकरण, एक मेल

कोल्हापुरातलं लग्नपत्रिका छापणारं एक दुकान धरू. डिझाइनच्या सॉफ्टवेअरचा वार्षिक प्लॅन ₹१०,००० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी ₹१,८००. काम दुसऱ्या सॉफ्टवेअरवर गेलं, शेवटचा वापर १२ फेब्रुवारीला. प्लॅन ३ जूनला रिन्यू झाला, ५ जूनला लक्षात आलं. कंपनी भारतातली, आणि अटींत लिहिलंय की रिन्यूअलपासून १४ दिवसांत मागणी केल्यास रिफंड मिळतो. म्हणजे १७ जूनपर्यंत वेळ आहे. अटींतलं हे वाक्य सापडलं तर मेलचं निम्मं काम झालं. मात्र वाचताना नीट बघा: काही कंपन्यांची १४ किंवा ३० दिवसांची मुदत फक्त पहिल्या खरेदीला असते, रिन्यूअलला नसते.

विषयाच्या ओळीत मागणी, तारीख आणि इनव्हॉइस क्रमांक हे तिन्ही यावेत. ‘तातडीचं!!!’ असल्या विषयाने मेल कोणत्याच रांगेत पुढे जात नाही. मेल असा:

> विषय: रिफंडची मागणी – ३ जून रोजी आपोआप रिन्यू झालेला वार्षिक प्लॅन – इनव्हॉइस क्र. ४४१७
>
> नमस्कार,
>
> आमच्या खात्यावरील वार्षिक प्लॅन ३ जून रोजी आपोआप रिन्यू झाला आणि ४८२१ ने संपणाऱ्या कार्डातून ₹११,८०० (₹१०,००० + जीएसटी ₹१,८००) कापले गेले. हा प्लॅन आम्हाला पुढे चालू ठेवायचा नव्हता. मुदतीआधी रद्द करायचं आमच्याकडून राहून गेलं.
>
> आमच्या दुकानात हे सॉफ्टवेअर १२ फेब्रुवारीनंतर वापरलेलं नाही. आज ५ जून रोजी फक्त जुन्या फाइली उतरवण्यासाठी एकदा लॉगिन केलं आणि ऑटो-रिन्यूअल बंद केलं. त्याचा स्क्रीनशॉट जोडला आहे.
>
> आपल्या रिफंड धोरणानुसार रिन्यूअलपासून १४ दिवसांत मागणी केल्यास रक्कम परत मिळते. आज तिसरा दिवस आहे. कृपया पूर्ण ₹११,८०० मूळ कार्डावर परत करावेत, प्लॅन आजपासून बंद करावा आणि जीएसटीसाठी क्रेडिट नोट पाठवावी. या इनव्हॉइसवर आम्ही इनपुट टॅक्स क्रेडिट घेतलेलं नाही.
>
> नोंदणीकृत ईमेल: ज्या पत्त्यावरून हा मेल पाठवला आहे तोच
> ऑर्डर क्रमांक: (इनव्हॉइसवरून)
> जोडलेलं: इनव्हॉइस, बँकेचा एसएमएस, रद्द केल्याचा स्क्रीनशॉट
>
> रिफंड पाठवल्यावर त्याचा संदर्भ क्रमांक कळवावा ही विनंती.
>
> आपला,
> (नाव, दुकानाचं नाव, फोन)

या मेलात काय नाही ते बघा. दुकानाची अडचण, धंद्यातली मंदी, सोशल मीडियावर टाकण्याची धमकी, ग्राहक न्यायालय, यातलं काही नाही. पहिल्या फळीतल्या माणसाच्या हातात मुदतीतला रिफंड देण्याचा अधिकार बहुधा असतो. पण मेलमध्ये ‘कायदेशीर कारवाई’ दिसली की तो मेल स्वतःजवळ न ठेवता वर पाठवतो, आणि दोन दिवसांचं काम दोन आठवड्यांवर जातं.

आणखी एक. मागणी एकच ठेवा. ‘रिफंड द्या, नाहीतर निदान मासिक प्लॅनवर टाका, नाहीतर पुढच्या वर्षी सवलत द्या’ असं लिहिलंत तर सर्वांत स्वस्त पर्याय निवडण्याची मोकळीक तुम्हीच दिलीत. कार्डाचे फक्त शेवटचे चार आकडे द्या. पूर्ण नंबर दिसेल असा स्टेटमेंटचा फोटो जोडू नका.

कंपनी परदेशी असेल तर हाच क्रम ठेवून इंग्रजीत लिहा आणि रक्कम इनव्हॉइसवर आहे त्या चलनात लिहा. डॉलरमधला रिफंड त्या दिवसाच्या दराने येतो, आणि बँकेने घेतलेलं परकीय चलनाचं शुल्क बहुधा परत मिळत नाही. त्यामुळे दीड-दोनशे रुपये कमी आले म्हणून कंपनीशी भांडण्यात अर्थ नाही.

मुदत उलटून गेली असेल तर

तेव्हा धोरणाचा आधार नसतो, म्हणून न वापरल्याची नोंद हाच मुख्य मुद्दा होतो. मधला परिच्छेद असा बदला:

> रिफंडची १४ दिवसांची मुदत उलटली आहे याची कल्पना आहे. मात्र रिन्यू झाल्यापासून खात्यात एकदाही काम झालेलं नाही, हे आपल्या नोंदीत तपासता येईल. हे लक्षात घेऊन अपवाद म्हणून पूर्ण रक्कम परत करावी. ते शक्य नसल्यास हा मेल बिलिंग विभागाकडे निर्णयासाठी पाठवावा.

शेवटचं वाक्य महत्त्वाचं आहे. पहिल्या फळीला अपवाद करायचा अधिकार नसतो, पुढे पाठवायचा असतो.

उत्तर आल्यावर

पूर्ण रिफंड मंजूर झाला तर प्रश्नच नाही. पण अनेकदा उत्तर येतं, ‘रक्कम तुमच्या खात्यात क्रेडिट म्हणून जमा करतो.’ हे सॉफ्टवेअर वापरायचंच नसेल तर ते क्रेडिट तुमच्या काही कामाचं नाही. ‘धन्यवाद, पण आम्हाला क्रेडिट नको, रक्कम मूळ कार्डावर हवी’ असं त्याच दिवशी कळवा. गप्प राहिलात तर तक्रार सुटली असं समजून तिकीट बंद होतं.

दुसरा पर्याय अंशतः रिफंडचा. इथे हिशोब कसा केला ते विचारा, कारण दोन पद्धती आहेत आणि फरक बराच पडतो. समजा प्लॅन १७ दिवस चालू राहिला. दिवसांवर हिशोब केला तर ₹१०,००० भागिले ३६५, म्हणजे दिवसाला सुमारे ₹२७.४०. सतरा दिवसांचे ₹४६६ वजा केले तर जीएसटी धरून साधारण ₹११,२५० परत मिळतात. पण कंपनीने ‘एक महिना वापरला’ असं धरून मासिक प्लॅनचा दर लावला आणि तो ₹१,२०० असेल, तर उरतात ₹८,८०० आणि जीएसटीसह ₹१०,३८४. अटींत दुसरी पद्धत लिहिली नसेल तर पहिलीचा आग्रह धरा. मूळ रकमेवरचा रिफंड देऊन जीएसटी ठेवून घेतला जातोय का, हेही याच वेळी बघा.

उत्तरच आलं नाही तर तीन कामकाजी दिवस थांबून त्याच मेलला उत्तर म्हणून स्मरणपत्र पाठवा. नवा मेल नवीन तिकीट उघडतो आणि पहिल्या तारखेचा पुरावा मागे राहतो. स्मरणपत्र दोन ओळींचं पुरतं: ‘५ जूनच्या खालील मागणीवर उत्तर मिळालेलं नाही. मागणी मुदतीत केलेली आहे. कृपया निर्णय कळवावा.’

नकार आला तर

ऑनलाइन विक्री करणाऱ्या कंपनीने तक्रार निवारण अधिकारी नेमून त्याचा संपर्क वेबसाइटवर द्यायचा असतो. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार त्याने ४८ तासांत तक्रारीची पोच द्यायची आणि महिन्याभरात ती निकाली काढायची. आधीचा सगळा पत्रव्यवहार जोडून त्याला लिहा. प्लॅन घेणं एका क्लिकचं आणि रद्द करणं सहा पानांचं असेल, तर ‘सबस्क्रिप्शन ट्रॅप’ हा शब्द इथे वापरा. नोव्हेंबर २०२३ च्या डार्क पॅटर्नविरोधी, म्हणजे ग्राहकाला चकवणाऱ्या स्क्रीन-रचनांविरोधी, मार्गदर्शक सूचनांत वर्ज्य ठरवलेल्या तेरा प्रकारांत तो आहे. नुसतं विसरला असाल तर मात्र हा शब्द लागू होत नाही.

त्यानंतरची पायरी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, क्रमांक १९१५. दुकानदारांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी: ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये व्यावसायिक हेतूने केलेली खरेदी वगळलेली आहे. पण स्वतःच्या उपजीविकेसाठी स्वतः राबून चालवलेल्या छोट्या धंद्याला ती आडकाठी लागत नाही. तसं असेल तर तक्रारीत ते स्पष्ट लिहा.

बँकेकडून चार्जबॅक मागणं, म्हणजे व्यवहारच उलटवून पैसे परत मागणं, सर्वांत शेवटी. ते तिसऱ्या प्रकारात, म्हणजे रद्द केल्याचा पुरावा असतानाही पैसे कापले तर, चांगलं चालतं. विसरल्याच्या प्रकरणात कंपनी तुमची संमती आणि अटी बँकेपुढे ठेवते आणि दावा बहुधा पडतो. शिवाय चार्जबॅक येताच अनेक कंपन्या खातं गोठवतात, आणि सपोर्टशी सुरू असलेली बोलणी तिथेच थांबतात. यासाठीही मुदत असते, म्हणून कंपनीच्या उत्तराची वाट बघत महिने घालवू नका. बँकेने आगाऊ सूचना दिलीच नाही ही तक्रार वेगळी, ती बँकेकडे करायची. ३० दिवसांत समाधान झालं नाही तर ती रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे नेता येते.

पैसे खरंच आले का

‘रिफंड केला’ असा मेल आला तरी कार्डावर रक्कम दिसायला पाच ते दहा कामकाजी दिवस लागू शकतात. क्रेडिट कार्डाचं बिल दरम्यान आलं तर भरून टाका, रिफंड पुढच्या बिलात वळता होतो. दहा दिवस उलटले तर कंपनीकडून कार्डाच्या रिफंडचा एआरएन हा २३ आकडी क्रमांक मागा, यूपीआय असेल तर यूटीआर. तो क्रमांक दिला की बँकेला रक्कम कुठे अडकली ते शोधता येतं. नुसतं ‘कंपनी म्हणते पाठवले’ यावर कॉल सेंटरला काहीच करता येत नाही.

क्रेडिट नोट आली की मूळ इनव्हॉइससोबत तुमच्या सीएला द्या. आणि आठवड्याभराने बिलिंग पान पुन्हा उघडून बघा. रिफंड देताना काही वेळा प्लॅन हाताने रद्द केला जातो आणि ऑटो-रिन्यूअलची खूण तशीच राहून जाते. ती दिसली तर बंद करा, आणि बँकेच्या किंवा यूपीआय ॲपमधलं त्या कंपनीचं मँडेटही आता काढून टाका.